आंधळ्यांच्या गावातली शाळा

एक्वादोरमधल्या अँडीज पर्वतात एका शिखरावर चढाई चालू असताना नुन्येझ नावाचा वाटाड्या रात्री कड्यावरून घसरतो. बर्फाच्या उतारावरून हिमाच्या लोंढ्याबरोबर तो खाली, आणखी खाली जातो आणि कसाबसा जिवंत राहतो. उठून पाहतो तर पायथ्याशी हिरवीगार दरी. कुरणं, पाण्याचे पाट, भोवती दगडी भिंत आणि मध्ये एक गाव. रस्ता लख्ख, घरं एका ओळीत. पण एकाही घराला खिडकी नाही. भिंतींचा गिलावा कुठे राखाडी, कुठे तपकिरी, कुठे पाटीसारखा काळपट, जसा हाताला आला तसा फासलेला. हे लिंपणारा माणूस आंधळाच असणार, असं नुन्येझ मनाशी गमतीने म्हणतो. त्याची गंमत खरी निघते. गावातला प्रत्येक माणूस आंधळा आहे.

एच. जी. वेल्स यांची ‘द कंट्री ऑफ द ब्लाइंड’ ही कथा लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकात एप्रिल १९०४ मध्ये आली. ‘टाइम मशीन’ आणि ‘इन्व्हिजिबल मॅन’ लिहिणारे हेच ते वेल्स. कथेत प्लेटोचं नाव एकदाही येत नाही. तरी तत्त्वज्ञानाच्या वर्गात ज्यांनी गुहेचं रूपक वाचलं आहे त्यांना पाचव्या-सहाव्या पानावर थबकावंच लागतं. कारण या गावकऱ्यांच्या मते जग म्हणजे खडकातली एक पोकळी आहे आणि तिच्यावर दगडाचं छत आहे. आपण गुहेत राहतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. बाहेर काही असू शकतं, एवढंच त्यांना मान्य नाही.

आधी प्लेटोची गुहा थोडक्यात सांगायला हवी. ‘रिपब्लिक’ या ग्रंथाच्या सातव्या भागाच्या सुरुवातीला सॉक्रेटिस हे रूपक ग्लॉकनला, म्हणजे प्लेटोच्याच भावाला सांगतो. जमिनीखालच्या गुहेत माणसं लहानपणापासून जखडलेली आहेत. पाय आणि मान अशी बांधलेली, की समोरच्या भिंतीशिवाय काही दिसू नये. त्यांच्या पाठीमागे वरच्या अंगाला आग पेटलेली आहे. आग आणि कैदी यांच्यामध्ये एक बुटकी भिंत आहे आणि तिच्या आडून काही लोक माणसांचे, जनावरांचे पुतळे उंच धरून नेत असतात. कैद्यांना दिसतात त्या फक्त सावल्या. त्यांच्या लेखी तेच जग. कोणती सावली कोणत्या मागोमाग येते हे अचूक सांगणाऱ्याला तिथे मान मिळतो, बक्षिसंही मिळतात. मग एकाला सोडवतात आणि खडबडीत चढावरून अक्षरशः ओढत उजेडात नेतात. त्याचे डोळे दिपतात, दुखतात. आधी त्याला सावल्या दिसतात, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग वस्तू, मग रात्रीचे तारे आणि शेवटी सूर्य. पुढे तो परत खाली येतो. आता त्याला अंधारात काही दिसत नाही, सावल्या ओळखण्याच्या स्पर्धेत तो हरतो. बाकीचे हसतात: वर जाऊन डोळे बिघडवून आला! त्यांना सोडवायला कोणी आलाच आणि तो त्यांच्या हाती लागला, तर ते त्याला मारून टाकतील, असं सॉक्रेटिस म्हणतो. हे लिहिणाऱ्या प्लेटोच्या गुरूला अथेन्सने इ. स. पूर्व ३९९ मध्ये विषाचा पेला दिला होता.

या रूपकाचा उपयोग हल्ली कशासाठीही होतो. जाहिराती, टीव्ही, राजकीय प्रचार, काहीही म्हणजे गुहा. पण सॉक्रेटिस ते सांगायला घेतो तेव्हा विषय स्पष्ट करून घेतो: शिक्षण मिळालेला माणूस आणि न मिळालेला माणूस, यांच्या अवस्थेची ही तुलना आहे. गोष्ट संपल्यावर तो शिक्षणाबद्दल एक विधान करतो. काही गुरू असा दावा करतात, की आंधळ्या डोळ्यांत दृष्टी घालावी तसं आम्ही रिकाम्या मनात ज्ञान घालतो. प्लेटोला हे मान्य नाही. पाहण्याची शक्ती प्रत्येकात असतेच, ती फक्त चुकीच्या दिशेला तोंड करून बसलेली असते. शिक्षण म्हणजे तिचं तोंड, आणि तिच्याबरोबर सगळा माणूसच, वळवण्याची कला.

वेल्सने नेमकं हेच गृहीतक काढून घेतलं. त्याच्या गावात वळवायला डोळेच नाहीत. आग नाही, पुतळे नाचवणारे नाहीत, कुणी कुणाला फसवत नाही, साखळ्याही नाहीत. अशा ठिकाणी एक दिसणारा माणूस आला, तर तो काय शिकवेल? आणि गाव त्याला काय शिकवेल? मला ही कथा मोठी वाटते ती दुसऱ्या प्रश्नामुळे. शिक्षणाची गोष्ट म्हणून वाचली तर तिच्यात शिकवणारा गाव आहे आणि नापास होणारा विद्यार्थी आहे पाहुणा.

वेल्सला शाळा आतून माहीत होती. आई एका मोठ्या जमीनदारी वाड्यात घरव्यवस्था पाहणारी, वडिलांचं दुकान न चालणारं. मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला बसवलेलं, तिथून तो अक्षरशः पळ काढून एका शाळेत शिकवता शिकवता शिकू लागला. आई जिथे काम करत होती त्या अपपार्क वाड्याच्या ग्रंथसंग्रहात त्याच्या हाती पोरवयात प्लेटोचं ‘रिपब्लिक’ लागलं. पुढे शिष्यवृत्तीवर लंडनला टी. एच. हक्सलेंकडे जीवशास्त्र शिकला, मग कितीतरी वर्षं मास्तरकी केली. लंडनमधल्या ज्या छोट्या शाळेत तो शिकवत होता तिथे ए. ए. मिल्न, म्हणजे पुढे ‘विनी द पू’ लिहिणारा, विद्यार्थी होता. त्याचं पहिलं पुस्तक कादंबरी नव्हतं, जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक होतं, १८९३ सालचं. समोरच्या मुलाला एखादी गोष्ट ‘दिसत’ नसते तेव्हा काय होतं, हे त्याने खडू हातात धरून पाहिलेलं होतं.

आता गावाकडे येऊ. ही वस्ती आंधळी कशी झाली हे वेल्स सुरुवातीलाच सांगून टाकतो. अत्याचारी स्पॅनिश अंमलाला कंटाळून काही कुटुंबं या दरीत आली. पुढे ज्वालामुखीचा उद्रेक झाला, डोंगराचा एक कडा ढासळला आणि वाट कायमची बंद झाली. दरीत एक विचित्र रोग होता, त्याने जन्मणारी मुलं आंधळी होऊ लागली. पण एका रात्रीत नव्हे. म्हाताऱ्यांची नजर मंद झाली, तरुणांना अंधुक दिसायचं, आणि मुलांनी कधी काही पाहिलंच नाही. ज्यांना थोडंफार दिसत होतं त्यांनी न दिसणाऱ्या पोरांना हाताला धरून सगळी दरी पाठ करून दिली. त्यामुळे शेवटचा डोळस माणूस गेला तेव्हा गावाचं काही अडलं नाही. ही या गावाची पहिली शाळा. वेल्स ती दोन-तीन वाक्यांत उरकतो, पण पुढच्या सगळ्याचा पाया तिथे आहे. हे लोक अडाणी राहिलेले नाहीत, त्यांना नीट शिकवलं गेलं आहे.

तेव्हापासून चौदा-पंधरा पिढ्या गेल्या. गावाची रचना आता पूर्ण त्यांच्या सोयीची झाली आहे. मध्यातून निघणाऱ्या वाटा एकमेकींशी ठरावीक कोन करतात. प्रत्येक वाटेच्या कडेला दगडी काठ आहे आणि कोणती वाट ते कळावं म्हणून त्या काठावर वेगळी खाच आहे. कुठेही धोंडा नाही, खड्डा नाही. दिवस आणि रात्र हे शब्द त्यांच्याकडे उरलेले नाहीत, आहेत ते उष्ण काळ आणि थंड काळ. उन्हात ते झोपतात आणि गारव्यात काम करतात. सहज पटणारी गोष्ट: ज्याला उजेड लागत नाही त्याने भर उन्हात का राबावं? कान इतके तयार, की डझनभर पावलांवरच्या माणसाची हालचाल ऐकू यावी. चेहऱ्यावरच्या भावांची जागा आवाजाच्या चढउतारांनी घेतली आहे. माणसाला ते वासावरून ओळखतात. डोंगरातून चारा खायला भिंतीपाशी येणारे लामा, म्हणजे उंटाच्या कुळातले तिथले पाळीव प्राणी, त्यांची देखभाल ते बिनचूक करतात.

आणि त्यांना तत्त्वज्ञान आहे. हा भाग वेल्सने फार धूर्तपणे लिहिला आहे. आकाश, तारे, बाहेरचं जग यांच्या गोष्टी पिढी दर पिढी पुसट होत गेल्या आणि लहान मुलांना सांगायच्या कहाण्या बनल्या. मग गावात बुद्धिमान माणसं जन्मली. त्यांनी या जुन्या समजुतींना प्रश्न विचारले, पुरावा मागितला, तो मिळाला नाही म्हणून त्या कल्पना भाकड ठरवून टाकल्या आणि त्यांच्या जागी अनुभवाशी जुळणारी मांडणी केली. आधी खडकात पोकळी झाली. मग निर्जीव वस्तू, मग लामा आणि थोडी समज असलेले जीव, मग माणूस, आणि शेवटी देवदूत. देवदूतांचं गाणं आणि पंखांची फडफड ऐकू येते, पण त्यांना हात लावता येत नाही. नुन्येझला जरा वेळाने उमगतं, की हे पक्षी आहेत.

याला अंधश्रद्धा म्हणता येईल का? मला नाही वाटत. प्रश्न विचारून, ऐकीव गोष्टी टाकून देऊन, हातातल्या पुराव्यावर उभं केलेलं हे शास्त्र आहे. आपण ज्या रीतीला विवेक म्हणतो तीच रीत. फक्त पुरावा गोळा करायची इंद्रियं चार. प्लेटोच्या कैद्यांपाशी सावल्यांच्या क्रमाचं नुसतं पाठांतर आहे. वेल्सच्या गावापाशी विद्यापीठात शोभावी अशी विचारपरंपरा आहे. म्हणूनच हे गाव हरवायला कठीण.

आणि नुन्येझ आलाय ते जिंकायलाच. आंधळ्यांच्या राज्यात एकाक्ष राजा, अशा अर्थाची युरोपातली म्हण त्याच्या डोक्यात घोळत असते. आपल्याकडे वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात, पण त्या म्हणीत उपहास आहे. नुन्येझच्या मनात तो नाही. तो खरोखर सिंहासनाची वाट पाहतो आहे. एकदा ती म्हण तो बरोबरच्या माणसाला ऐकवतो सुद्धा. तो माणूस चालता चालता सहज विचारतो, आंधळा म्हणजे काय?

पहिल्या भेटीतच पारडं फिरतं. गावाबाहेर तिघेजण त्याला भेटतात, त्याचा चेहरा चाचपतात. पापण्यांखाली काहीतरी वळवळतं आहे, हे त्यांना विचित्र वाटतं. केस लामासारखे राठ. मी बोगोताजवळून आलो, जिथे शहर नजरेत मावत नाही, असं तो सांगतो. ‘नजर’ त्यांना कळत नाही, ‘बोगोता’ त्याचं नाव असावं असं ते ठरवतात आणि शेवटपर्यंत त्याला त्याच नावाने हाक मारतात. मग त्याला वडीलधाऱ्यांसमोर नेतात, एका बिनखिडकीच्या काळोख्या दालनात. बाहेरच्या लख्ख उजेडातून आत शिरताच नुन्येझला काही दिसत नाही. तो कुणाच्या तरी पायाला अडखळून पडतो आणि पडता पडता कुणाच्या तरी तोंडावर त्याचा हात बसतो. निष्कर्ष तिथल्या तिथे निघतो: हा अजून पुरता घडलेला नाही, याला धड चालता येत नाही, बोलताना अर्थ नसलेले शब्द मध्ये घुसडतो.

प्लेटोने वर्णन केलेला क्षण हाच, उजेडातून अंधारात परतलेल्याची फजिती. पण प्लेटोने तिथे आणखी एक गोष्ट सांगितली आहे, जी रूपक सांगताना बहुतेक जण गाळतात. वर जाऊन आलेल्याने खाली राहिलं पाहिजे, आणि आधी त्या अंधाराची सवय करून घेतली पाहिजे. ती झाली, की तो सावल्याही तिथल्या लोकांपेक्षा हजारो पटींनी चांगल्या ओळखेल, कारण त्या कशाच्या सावल्या आहेत हे त्याला माहीत असतं. म्हणजे प्लेटोच्या मते परत आलेल्या शिक्षकाचा पहिला अभ्यास विद्यार्थ्यांच्या जगाचा. नुन्येझ हा अभ्यास करत नाही. खाचांवरून वाटा ओळखायला तो शिकत नाही, कानाला वळण लावत नाही. डोळे आहेत तर हवंय कशाला?

त्याऐवजी तो आकाशाचं वर्णन करू लागतो. डोंगर, ढग, तारे, सूर्योदय. ऐकणारे आधी हसतात, मग दुखावतात. छत अतिशय गुळगुळीत आहे, ही त्यांची श्रद्धा आहे. त्याऐवजी हा माणूस वर भयंकर रिकामी पोकळी आहे असं सांगतो, हे त्यांना अभद्र वाटतं. आपण धर्माला हात घातला हे नुन्येझच्या लक्षात येतं आणि तो डावपेच बदलतो. सौंदर्य सोडून देतो, उपयोग दाखवायला निघतो.

कथेतल्या या दोन चाचण्या कुठल्याही शिक्षकाने सावकाश वाचाव्यात अशा आहेत. एके सकाळी त्याला दिसतं, की पेद्रो नावाचा माणूस सतरा क्रमांकाच्या वाटेने मधल्या घरांकडे येतो आहे. अजून तो इतका लांब आहे, की त्याचा आवाज किंवा वास येणं शक्य नाही. नुन्येझ जाहीर करतो, थोड्याच वेळात पेद्रो इथे पोचेल. एक म्हातारा म्हणतो, पेद्रोचं त्या वाटेवर कामच काय? आणि जणू म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून पेद्रो मध्येच वळतो, आडव्याने दहा क्रमांकाची वाट धरतो आणि भराभर परत भिंतीकडे निघून जातो. पेद्रो आला नाही, तेव्हा सगळे हसतात. नंतर नुन्येझ पेद्रोलाच साक्षीला बोलावतो, तर पेद्रो साफ कानावर हात ठेवतो आणि पुढे त्याचा वैरी बनतो.

यात चूक कुठे झाली? नुन्येझला जे दिसलं ते खरं होतं. पण त्याने दिसणं सांगितलं नाही, भाकीत केलं. पेद्रो आत्ता अमुक ठिकाणी आहे, हे विधान वेगळं आणि तो इथे येईल हे वेगळं. दुसरं विधान पेद्रोच्या मर्जीवर अवलंबून होतं आणि गावाची माहिती असलेल्या म्हाताऱ्याचा अंदाज त्याबाबतीत सरस होता. डोळ्यांचा दावा तपासायचा, तर तपासता येईल असं विधान हवं. शिवाय साक्षीदारही असा निवडला, की ज्याला खरं सांगण्यात काही फायदा नव्हता.

दुसरी चाचणी अधिक बारकाईची आहे. तो एका माणसाला कसंबसं तयार करून कुरणाच्या उतारावर नेतो आणि म्हणतो, इथून खाली घरांपाशी काय काय चाललंय ते मी सांगतो. लोक येताना-जाताना दिसतात, ते तो सांगतो. पण गावाला ज्यात रस आहे ते सगळं घरांच्या आत किंवा मागे घडतं. खिडक्या नाहीत, त्यामुळे त्यातलं नुन्येझला काहीच दिसत नाही. आणि ते त्याची परीक्षा घेतात ती नेमकी याच गोष्टींवर. नुन्येझ नापास.

परीक्षेचा पेपर कोण काढतो, हा मुद्दा वेल्सने असा एका परिच्छेदात बसवला आहे. कुणी लबाडी केलेली नाही. गावाने आपल्याला महत्त्वाचं वाटतं तेच विचारलं. त्याला जे उत्तम येत होतं त्यावर एकही प्रश्न नव्हता. दुर्गम पाड्यावरून तालुक्याच्या शाळेत आलेल्या, जंगलातली शंभर झाडं ओळखणाऱ्या पण अर्ज लिहिता न येणाऱ्या मुलाला हा पेपर चांगलाच ओळखीचा वाटेल. फरक इतकाच, की तिथे आपण सहसा गावकऱ्यांच्या बाजूला बसलेले असतो.

युक्तिवाद संपल्यावर नुन्येझ हाती कुदळ घेतो. एक-दोघांना लोळवलं, की कळेल यांना डोळे म्हणजे काय. पण हात उचलल्यावर त्याच्या लक्षात येतं, की आंधळ्या माणसाला थंड डोक्याने मारणं आपल्याच्याने होणार नाही. त्याच्या पावलांचा, कुदळीचा आवाज त्यांना कळलेलाच असतो. ते वास घेत, कानोसा घेत, रांग धरून त्याला घेरतात. एकाला तडाखा देऊन तो भिंतीतल्या दारातून बाहेर पळतो. बाहेर दोन दिवस आणि दोन रात्री, अन्न नाही, आसरा नाही. मग भिंतीला लागून सरपटत परत येतो.

आता तोंडी परीक्षा. मी वेडा होतो, पण मी नुकताच घडलो होतो, अशी तो कबुली देतो. अजून तुला दिसतं असं वाटतं का? नाही, तो मूर्खपणा होता, त्या शब्दाला काही अर्थच नाही. डोक्यावर काय आहे? माणसाच्या उंचीच्या शंभरपट उंचीवर दगडाचं छत, अत्यंत गुळगुळीत. एवढं बोलून त्याला रडू कोसळतं आणि आधी काहीतरी खायला द्या, नाहीतर मी मरेन, असं तो विनवतो.

गाव त्याला क्रूरपणे वागवत नाही, हे विसरून चालणार नाही. फटके देतात खरे, पण बंड म्हणजे त्याच्या मंदपणाचं आणखी एक लक्षण समजतात आणि साधं, अंगमेहनतीचं काम नेमून देतात. तो आजारी पडतो तेव्हा प्रेमाने शुश्रूषा करतात. फक्त अंधारात पडून राहण्याचा आग्रह धरतात, आणि त्यांच्या दृष्टीने तोच योग्य उपचार आहे. गावातले विद्वान उशाशी बसून त्याच्या मनाच्या उथळपणाबद्दल इतक्या कळकळीने समजावतात, की विश्वावरचं ते झाकण आपल्याला दिसत नाही हाच आपला भ्रम तर नसेल, असं त्याला क्षणभर वाटून जातं. शिकवणूक यशस्वी व्हायला साखळी लागत नाही. भूक, आजारपण आणि सतत कानावर पडणारा मायेचा आवाज पुरतो.

या गावात त्याला एक श्रोता मिळतो. ज्याच्याकडे तो राबतो त्या याकोबची धाकटी मुलगी मेदिना-सारोते. तिच्या मिटलेल्या पापण्या इतरांसारख्या खोल गेलेल्या नाहीत, पापण्यांचे केस लांब आहेत. गावात हे व्यंग समजतात, म्हणून तिला मागणी नाही. नुन्येझ तिला डोंगर, तारे, तिचं स्वतःचं रूप यांच्याबद्दल सांगतो. ती विश्वास ठेवत नाही, अर्धंच समजते, पण ऐकत राहते. तिच्या लेखी ही कविता आहे. गावभर भाषणं देऊन जे झालं नाही ते इथे थोडं घडतं, कारण इथे तो काही सिद्ध करायला निघालेला नाही. लग्नाचा विषय निघतो आणि गाव भडकतं. असल्या अर्धवट माणसाशी सोयरीक म्हणजे वंश बिघडवणं.

मग वैद्य तोडगा काढतो. निदान तर्काला धरून आहे. चेहऱ्याला मऊ खळगे असावेत म्हणून असलेल्या त्या जागा या माणसाच्या बाबतीत रोगट आहेत. त्या फुगल्या आहेत, पापण्या फडफडतात, त्यामुळे मेंदू सतत चाळवलेला राहतो. एक छोटी शस्त्रक्रिया करून ते चाळवणारे गोळे काढून टाकले, की तो अगदी शहाणा होईल, चांगला नागरिक होईल. म्हातारा याकोब शास्त्राचे आभार मानतो. मेदिना-सारोतेही त्याला तेच कर म्हणते, रडत, प्रेमाने. आणि तो हो म्हणतो.

प्लेटोचे कैदी सोडवायला आलेल्याला मारायला उठतात. वेल्सचं गाव त्याला बरं करायला निघतं. मला दुसरं जास्त भीतीदायक वाटतं, कारण मारणाऱ्याला आपण काही वाईट करतोय हे आत कुठेतरी कळण्याची शक्यता असते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी नुन्येझ डोळे भरून जग पाहण्यासाठी एकांतात जातो. सूर्य उगवताना पाहतो आणि पाय त्याला थेट डोंगराकडे नेतात. १९०४ च्या कथेत तो संध्याकाळपर्यंत बराच वर चढतो. कपडे फाटलेले, अंग ठेचकाळलेलं. रात्री ताऱ्यांखाली समाधानाने पडून राहतो. तो वाचला की गेला, हे वेल्स सांगत नाही.

ही कथा लिहिणारा वेल्स त्या शेवटावर कायम राहिला नाही. पस्तीस वर्षांनी, १९३९ साली, गोल्डन कॉकरेल प्रेसने ती वेगळ्या पुस्तकाच्या रूपात काढली तेव्हा त्याने शेवट बदलला आणि का बदलला हेही प्रस्तावनेत लिहिलं. युरोप दुसऱ्या युद्धाच्या उंबरठ्यावर होता. पहिल्या रूपात दिसणं म्हणजे इतरांना न सांगता येणारा आनंद होता. आता दिसणं म्हणजे येऊ घातलेला विनाश इतरांच्या आधी कळणं. नव्या रूपात वर चढणाऱ्या नुन्येझला दरीवरच्या कड्यात भेग दिसते. कडा कोसळणार आहे. तो गावाला सावध करायला परत जातो. यावेळी त्याला राज्य नको असतं, आपलं म्हणणं सिद्धही करायचं नसतं. पण गावाने त्याचं ऐकण्याची पात्रता आधीच काढून घेतलेली आहे. ते त्याला हाकलतात. कडा खरोखर कोसळतो आणि तो मेदिना-सारोतेला घेऊन कसाबसा निसटतो.

या शेवटाने कथेची घडी थोडी विस्कटते हे खरं. पहिल्या रूपातली अनिश्चितता जाते आणि नुन्येझ बरोबर होता असा निकाल कड्याकडूनच लावून घेतल्यासारखं होतं. समीक्षक बहुधा जुन्याच रूपाच्या बाजूने बोलतात आणि बहुतेक कथासंग्रहांत तेच छापलेलं असतं. तुमच्या हाती प्रत आली तर शेवटचं पान आधी पाहायला हरकत नाही: तारे असतील तर १९०४, कडा असेल तर १९३९. पण नव्या रूपातली एक गोष्ट मला सोडवत नाही. मेदिना-सारोते बाहेरच्या जगात येते, संसार करते, मुलं होतात, आणि मुलांना दिसतं. आंधळीच राहिलेल्या तिला कुणीतरी विचारतं, डोळ्यांवर उपचार करून पाहायचे का? आपल्यासारख्यांच्या जगात ती कितीतरी वर्षं राहिलेली असते, सूर्य आणि तारे यांच्याबद्दल नवऱ्याकडून ऐकलेलं असतं, आणि ते खोटं नाही हेही आता तिला ठाऊक असतं. ती नको म्हणते. दिसणं भयंकर असलं पाहिजे, असं तिला वाटतं.